‘सहा’ आणि ‘छे’ : चिमुकल्यांसाठी मोजणीची गाणी करताना

(लहान मुलांसाठी मराठीत गाणी आणि छोट्या चित्रफिती तयार करू इच्छिणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)



तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला आधीच फोन करून विचारलं होतं, ‘ताई, तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी मराठीत काय काय करता येईल, याची यादी द्या.’ यादी द्यायला दहा मिनिटं पुरतात. बडबडगीतं, प्राण्यांच्या गोष्टी, रंग, आकार, भाज्या, वाहनं, मोजणी. ही यादी तुम्हीही करू शकता आणि मोबाइल उघडलात तर त्यातल्या प्रत्येक विषयावर शेकडो चित्रफिती सापडतील. म्हणून मी आज एकच विषय घेते, मोजणीचं गाणं. एक गाणं शब्दापासून चित्रापर्यंत नीट कसं बांधायचं ते बघू. हे एक जमलं की बाकीच्यांकडे बघण्याची नजर आपोआप येते, असा माझा अनुभव आहे.

आधी एक खेळ सांगते. घरी गेल्यावर तीन-साडेतीन वर्षांचं मूल पकडा. बहुतेक मुलं ‘एक दोन तीन’ दहापर्यंत धडाधडा म्हणतात. म्हणू द्या. मग समोर वाटीत दहा-बारा चिंचोके ठेवा आणि म्हणा, ‘मला तीन दे.’ पुष्कळ मुलं मूठ भरून हातात ठेवतील. तुम्ही विचारा, ‘हे तीन आहेत?’ ते मान डोलावून ‘हो’ म्हणेल. लबाडी नाही ही. त्याच्या दृष्टीनं ‘तीन’ म्हणजे ‘पुष्कळ’. दहापर्यंतचे शब्द त्याला येतात ते गाण्याच्या ओळीसारखे, आणि त्या ओळीतला प्रत्येक शब्द म्हणजे अमुक इतक्या वस्तू, हे अजून कळलेलं नसतं.

ही गोष्ट अंगणवाडीतल्या प्रत्येक सेविकेला माहीत असते. कॅरन विन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९० साली तिचा नीट अभ्यास मांडला आणि तेव्हापासून ‘इतके दे’ हा खेळ जगभर वापरला जातो. मुलाला आधी फक्त ‘एक’ कळतो. एक मागितला की एक देतं, बाकी काहीही मागा, मूठ. काही महिन्यांनी ‘दोन’ कळतो, मग आणखी काही महिन्यांनी ‘तीन’. आणि मग एक दिवस त्याच्या लक्षात येतं की मोजताना जो शब्द शेवटी आला, तेवढ्याच वस्तू आहेत. त्यानंतर पाच मागा, सात मागा, ते मोजून देतं. ‘एक’ पासून इथपर्यंत यायला सहसा वर्षभर किंवा त्याहून जास्त लागतं.

आता बाजारातली मोजणीची गाणी आठवा. एकापासून दहापर्यंत एका दमात. प्रत्येक आकड्याला नवीन प्राणी, नवीन रंग, मागे ढोलकी आणि कीबोर्ड. ती मूल दहा वेळा बघतं आणि त्याला ओळ पाठ होते. ओळ त्याला आधीच पाठ होती. ज्या वर्षभराच्या प्रवासात त्याला मदत हवी असते, तिथे हे गाणं काहीच करत नाही. म्हणून माझा पहिला हट्ट असा की तीन वर्षांच्या मुलासाठी गाणं तीनपर्यंतच करा. फार तर चारपर्यंत. पालक विचारतील, ‘बस, इतकंच?’ विचारू द्या.

आता भाषेकडे येते, कारण खरी गंमत तिथे आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी दखनी बोलतात आणि मूल जातं मराठी अंगणवाडीत. सोलापूर, मिरज, मराठवाडा, पुण्यातल्या वस्त्या, सगळीकडे हेच. अशा एका मुलीची गोष्ट मी जवळून पाहिली. साडेतीन वर्षांची. एका बालवाडीत प्रवेशाच्या वेळी तिला सहा फुग्यांचं चित्र दाखवलं. तिनं एकेका फुग्यावर बोट ठेवून ‘एक, दो, तीन, चार, पांच, छे’ असं म्हटलं आणि मान वर करून सांगितलं, ‘छे.’ बाई म्हणाल्या, ‘मराठीत सांग.’ मुलगी गप्प झाली. तिच्या कागदावर शेरा आला, ‘अंक येत नाहीत.’ तिला वयाच्या मानानं फारच चांगलं येत होतं. ती मोजत होती, प्रत्येक फुग्याला एकच शब्द देत होती आणि शेवटचा शब्द म्हणजे एकूण, हेही तिला कळत होतं. तिला येत नव्हता तो एक शब्द, ‘सहा’. त्या शेऱ्यामुळे तिला वर्षभर खालच्या गटात बसवलं आणि आईनं घरी दखनी बोलायचंच कमी केलं. मला विचाराल तर त्या वर्षातलं मोठं नुकसान हे दुसरं.

दोन्ही भाषांतले शब्द समोरासमोर ठेवून बघा. एक, तीन, चार, सात, आठ हे पाच शब्द तंतोतंत सारखे. पाच आणि पांच, नऊ आणि नौ, यांत नाकातल्या स्वराचा आणि किंचित वळणाचा फरक. खरे वेगळे म्हणावेत असे तीनच शब्द, दो-दोन, छे-सहा, दस-दहा. म्हणजे दखनी घरातलं मूल मराठी मोजणीच्या दारात नाही, जवळजवळ माजघरात उभं असतं. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांवर अभ्यास झाले आहेत. त्यांत असं दिसलं की ‘दोन’, ‘तीन’ हे छोटे शब्द मुलाला प्रत्येक भाषेत वेगळे कमवावे लागतात, पण ‘शेवटचा शब्द म्हणजे एकूण’ ही समज एका भाषेत आली की दुसरीत तिला वेगळं शिकवावं लागत नाही. त्या मुलीला ती समज दखनीत आली होती. मराठीत तिला फक्त एक शब्द द्यायचा होता.

त्यामुळे आपल्या गाण्यात दोन आवाज ठेवा, अशी माझी सूचना आहे. चित्रात एक नानी आणि एक ताई. नानी दखनीत मोजते, ताई मराठीत. चित्र तेच, वस्तू त्याच. आधी नानीचा आवाज, कारण मूल त्या भाषेत मोकळं असतं, आणि लगेच ताईचा. भाषांतर म्हणून समजावून सांगायची गरज नाही. ज्यांच्या घरी मराठीच बोलतात त्यांच्या मुलांनाही नानी आवडते, हे मी पाहिलंय. आणि दोन्ही भाषांत असलेला एक शब्द तर तयारच आहे, ‘नको’. दखनीतला ‘नक्को’ हा मराठीतूनच गेलेला. गाण्यात कोंबडी ‘नको, नको’ म्हणाली की दोन्ही घरांतली मुलं एकाच वेळी हसतात.

आता वस्तू कोणती निवडायची? इथे बहुतेक लोक चित्राचा विचार करतात. मोर सुंदर दिसतो, हत्ती गोड दिसतो, वाघ मुलांना आवडतो. म्हणून मोर, हत्ती, वाघ. पण जरा म्हणून बघा. एक मोर, दोन मोर. एक हत्ती, तीन हत्ती. एक वाघ, चार वाघ. शब्द बदलतच नाही! उंदीर, लाडू, पेरू, चेंडू यांचंही तेच. मोजणीच्या गाण्यात हमखास येणाऱ्या या वस्तू एक असो की दहा, कानाला सारख्याच लागतात. आता हे म्हणा, एक अंडं, दोन अंडी. एक केळं, दोन केळी. एक चिमणी, दोन चिमण्या. एक फुगा, दोन फुगे. एक पिल्लू, दोन पिल्लं. शब्दच सांगतो की आता एक नाही, जास्त आहेत.

याचा मोजणी शिकण्याशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. अरबी भाषेत एकवचन आणि अनेकवचन यांच्या मध्ये द्विवचन असतं, फक्त दोनसाठी वेगळं रूप. आपण ‘वालिदैन’ म्हणतो ना, आई आणि वडील, ते दोघांसाठीचं रूप आहे. युरोपातल्या स्लोव्हेनियन भाषेतही द्विवचन आहे. सौदी अरेबियातल्या आणि स्लोव्हेनियातल्या मुलांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की मोजणीचा सराव कमी असूनही ही मुलं ‘दोन’चा अर्थ इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या आधी शिकतात. कारण त्यांची भाषा दिवसभर, न शिकवता, त्यांच्या कानावर ‘दोन’ घालत असते. संस्कृतात द्विवचन होतं, मराठीत ते राहिलं नाही. पण एक आणि अनेक यांतला फरक मराठीत ठसठशीत आहे, फक्त तो ऐकू येईल अशी वस्तू निवडायला हवी. हा फरक क्रियापदातही असतो. ‘मोर आला, मोर आले.’ त्यामुळे मोर घ्यायचाच असेल तर ओळीत क्रियापद येऊ द्या. नुसतं ‘एक मोर, दोन मोर, तीन मोर’ अशी यादी केली तर मराठी व्याकरणाची सगळी मदत आपण बाहेर ठेवली.

मी अंडी निवडली. स्वस्त, प्रत्येक घरात असणारी, काढायला सोपी, आणि शिवाय अंड्यातून पिल्लू निघतं म्हणजे गोष्टही तयार. दखनी ‘अंडा’ आणि मराठी ‘अंडं’ यांत फक्त शेवटचा स्वर वेगळा, हा आणखी एक फायदा. (काही घरांत अंडं चालत नाही. तिथल्यासाठी केळी किंवा फुगे घ्या, व्याकरण तेवढंच चोख आहे.)

आता शब्द. हे गाणं मी स्वतः बांधलंय, तुम्ही वापरा, बदला.

टोपली उघड, अंडी किती?
तीन अंडी, तीन अंडी!
एक, दोन, तीन.
अंडं फुटलं, टक टक टक,
पिल्लू आलं, चिव चिव चिव!
आता उरली अंडी किती?

पुढे दोन अंडी, मग एक अंडं, आणि शेवटी टोपली रिकामी. मग नानी विचारते, ‘पिल्लं किती?’ आणि उत्तर येतं, ‘तीन पिल्लं.’ एवढंच गाणं.

यातल्या प्रत्येक ओळीमागे कारण आहे, तेवढं सांगते. पहिली ओळ आठ मात्रांच्या ठेक्यावर आहे, ‘टोपली उघड’ आठ, ‘अंडी किती’ सात आणि एक मात्रा श्वासाला. जात्यावर, झोपाळ्यावर, टाळ्या वाजवताना मराठी तोंडाला हा ठेका सहज येतो. इंग्रजी बडबडगीताच्या चालीवर मराठी शब्द बसवले की काय होतं ते तुम्ही ऐकलंच असेल. ‘किती’ची ‘की-ती’ होते, ‘उघड’चं ‘ऊघाड’ होतं. ज्या मुलाला शब्द आधीच माहीत आहे ते ओढाताण सहन करतं. ज्याच्यासाठी मराठी नवी आहे, त्याला तो शब्द बाहेर, रस्त्यावर, अंगणवाडीत पुन्हा ओळखूच येत नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळींचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी ‘तीन अंडी’, आणि लगेच ‘एक, दोन, तीन’. आपल्याला वाटतं आधी मोजावं, मग एकूण सांगावं. पण मुलांना चित्रांची पुस्तकं दाखवून २०१२ साली झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं की नुसतं मोजून दाखवल्यानं किंवा नुसतं ‘तीन’ म्हटल्यानं फार फरक पडला नाही. आधी एकूण सांगून लगेच त्याच वस्तू मोजून दाखवल्या, तेव्हा पडला. ‘तीन’ हा शब्द पाच सेकंदांत दोन प्रकारे ऐकू येतो, आधी सगळ्या अंड्यांचं नाव म्हणून आणि मग मोजणीचा शेवट म्हणून. ती दोन्ही एकच आहेत, हे मुलानं पकडायचं असतं. मध्ये दुसरी ओळ घातलीत की हा धागा तुटतो.

‘किती?’ नंतर थांबायचं. पाच सेकंद. हे सांगायला सोपं आणि करायला अवघड. संकलन करणाऱ्या मुलाला पाच सेकंदांची शांतता म्हणजे चूक वाटते, तो हमखास ती दोन सेकंदांवर आणतो किंवा मध्ये घुंगरू टाकतो. तीन वर्षांच्या मुलाला प्रश्न ऐकून, चित्राकडे बघून, तोंड उघडायला खरोखर तेवढा वेळ लागतो. आणि ज्याला आधी दखनीत मोजून मग मराठी शब्द शोधायचा आहे त्याला तर नक्कीच.

प्रश्न मात्र दर वेळी ‘अंडी किती?’ असाच ठेवा, एकच अंडं उरलेलं असलं तरी. मराठीत आपण असंच विचारतो. ‘अंडं किती?’ म्हटलंत तर उत्तर प्रश्नातच सांगून टाकलंत.

पुढे चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी दहापर्यंत जाल तेव्हा एक अडचण येईल, ती आत्ताच सांगून ठेवते. एक, दोन, तीन, चार, पाच हे बोलताना एकाच झटक्यात येतात. बोट एका वस्तूवर, शब्द एक, टाळी एक. मग येतो ‘स-हा’. दोन झटके. मुलाचं बोट ‘स’ला एका अंड्यावर आणि ‘हा’ला पुढच्या अंड्यावर जातं, आणि मोजणी गडबडते. ‘नऊ’ आणि ‘दहा’चंही तसंच. ‘छे’ आणि ‘दस’ला हा त्रास नाही. म्हणजे दखनीत बिनचूक मोजणारं मूल मराठीत चुकताना दिसलं तर ते गणितात चुकत नाहीये, त्याचं बोट शब्दाच्या दोन तुकड्यांवर पडतंय. उपाय सोपा आहे. ‘सहा’ म्हणताना ‘हा’वर जोर द्या आणि चित्रातलं अंडं ‘हा’लाच उडी मारू द्या, ‘स’ला नाही. वीसच्या पुढचं तर आपण बघायचंच नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातल्या ‘वीस एक, वीस दोन’वरून केवढा वाद झाला ते आठवत असेल. तो वाद दुसरीतल्या मुलांचा, आपल्या बालवाडीत त्याला जागा नाही.

आता चित्र. अनेकांना वाटतं की अ‍ॅनिमेशन म्हणजे मोठा खर्च. आपण रंगीत कागद कापून, मोबाइल स्टँडवर पक्का बांधून, एकेक फोटो काढून ते करतो. हालचाल नीट दिसायला सेकंदाला बारा फोटो पुरतात. आपल्या गाण्याचा हिशोब करू. मोजताना प्रत्येक अंड्याची एक छोटी उडी, अर्ध्या सेकंदाची, म्हणजे सहा फोटो. तीन, दोन आणि एक अशी अंड्यांची मोजणी आणि शेवटी तीन पिल्लं, अशा एकूण नऊ उड्या. चोपन्न फोटो. अंडं फुटून पिल्लू येतं त्याला दोन सेकंद, तीनदा, म्हणजे बहात्तर. टोपली उघडणं, कोंबडीची मान, असं धरून दीडशे-पावणेदोनशे फोटोंत दीड मिनिटाची चित्रफीत होते. एका दुपारचं काम. आणि प्रश्नानंतरची ती पाच सेकंदं? तिथे एकच फोटो धरून ठेवायचा. म्हणजे शांतता फुकट मिळते.

अंडी एका ओळीत, सारख्या आकाराची, सारख्या रंगाची. एक मोठं, एक छोटं, एक ठिपक्यांचं असं करू नका, मूल मोजणं सोडून ठिपक्यांकडे बघत बसतं. उडी बरोबर शब्दावर पडली पाहिजे, अर्धा सेकंद मागेपुढे झाली तरी एकास एक ही जोडी बिघडते. त्यासाठी आवाज आधी ध्वनिमुद्रित करा, सेकंदाला एक आकडा या चालीनं, आणि चित्र त्याच्यावर बसवा. उलटं केलंत तर दर वेळी कापाकापी. मोजणी चालू असताना मागचं संगीत पूर्ण बंद. मागच्या झाडाची पानं हलायला नकोत, ढग सरकायला नकोत. आकडा लिहून दाखवायची घाई नको. या वयात अंडी हाच आकडा आहे. आणि संहिता लिहिताना ‘अंडे’, ‘फुटले’ असं पुस्तकी लिहू नका. गाणारी व्यक्ती जे लिहिलंय तेच वाचते.

आवाज कुणाचा? गाणाऱ्या शिक्षित आवाजापेक्षा मला रोज मुलांत बसणाऱ्या सेविकेचा आवाज बरा वाटतो. नानीसाठी खरोखरची नानी शोधा. आमच्याकडे जिनं आवाज दिला ती मोजताना मध्येच म्हणाली, ‘अगे बाई, उड्या तो देख!’ ते आम्ही ठेवलं. मुलं त्याच वाक्याची वाट बघतात.

गाणं झालं की ते जमलं की नाही, हे कसं कळणार? किती जणांनी बघितलं यावरून कळत नाही. मुलं नाचली यावरूनही नाही. ज्या अंगणवाडीत दाखवायचं तिथे आदल्या दिवशी प्रत्येक मुलाबरोबर चिंचोक्यांचा खेळ खेळा. एक दे, दोन दे, तीन दे. मूल कुठपर्यंत बिनचूक देतं ते वहीत लिहा. दखनी बोलणाऱ्या मुलांना एकदा दखनीत आणि एकदा मराठीत विचारा, दोन रकाने करा. मग आठवडाभर रोज तेच गाणं, दिवसातून एकदा. रोज नवीन काही द्यायचा मोह होतो. ‘ब्ल्यूज क्लूज’ ही अमेरिकन मालिका १९९६ साली सुरू झाली तेव्हा त्यांनी एकच भाग आठवड्याचे पाच दिवस दाखवला. पहिल्या दिवशी मूल बघतं, तिसऱ्या दिवशी उत्तर देऊ लागतं. आठवड्यानंतर पुन्हा खेळ, पण चिंचोके नकोत, अंड्यांची चित्रंही नकोत. चमचे घ्या. गाण्यातली अंडी मोजणारं मूल चमचे मोजू शकलं तर काही शिकलं. नाहीतर गाणं पाठ झालं.

या पडताळणीत दोन गोष्टी फसवतात. एक म्हणजे मूल प्रत्येक ‘किती?’ला ‘तीन’च म्हणू लागतं, कारण गाण्याची सुरुवात तिथून होते. तसं दिसलं की टोपलीत कधी दोन, कधी चार अंडी असलेली दुसरी फीत करा. कागदाची अंडी तयार आहेतच. दुसरं, एखादं मूल पडद्यासमोर आठवडाभर एक शब्द बोलत नाही. सेविका लिहिते, ‘प्रतिसाद नाही.’ त्याच्या हातात वाटी द्या. बोलायचं नसतं त्या खेळात, फक्त द्यायचं असतं. गप्प राहून बिनचूक तीन चमचे देणारी मुलं मी इतकी पाहिलीत की त्या ‘प्रतिसाद नाही’ रकान्यावर माझा विश्वास उरलेला नाही.

एका आठवड्यात मूल ‘एक’ वरून ‘तीन’ वर जाणार नाही, तसं कुणाला सांगूही नका. एखाद्या मुलाचा ‘दोन’ पक्का होतो, एखाद्याला ‘दो’च्या शेजारी ‘दोन’ सापडतो. आणि नुसत्या फितीनं तेही होत नाही. फीत बघताना शेजारी बसून कुणीतरी बोट दाखवावं लागतं. नंतर पोळ्या वाढताना, कपडे वाळत घालताना ‘दोन पोळ्या. एक, दोन’ असं म्हणावं लागतं. म्हणून फितीच्या शेवटी दहा सेकंद आईसाठी ठेवा, मराठीत आणि दखनीत. ‘आज जेवताना दोन पोळ्या वाढा आणि मोजून दाखवा.’ तिच्या भाषेत मोजलं तरी चालतं, हेही त्यात स्पष्ट सांगा. त्या मुलीच्या आईला हे कुणी सांगितलं नव्हतं.

पुढचं गाणं माणसांचं करावं असं माझ्या मनात आहे. मराठीत माणसं मोजायला वेगळे शब्द आहेत. दोघं, तिघं, चौघं. पुन्हा मुली असतील तर दोघी, तिघी, चौघी. पाचला मात्र ‘पाच जण’. दखनीत हे नाही, त्यामुळे दखनी घरातल्या मुलाला ‘तिघी’त तीन ऐकू यायला वेळ लागतो. अंगणात खेळणाऱ्या बहिणींचं गाणं करता येईल, आधी दोघी, मग हाक मारून तिसरी येते. चाल अजून सुचलेली नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचली तर चहाच्या वेळी म्हणून दाखवा. आणि चिंचोक्यांच्या पिशव्या दारापाशी ठेवल्या आहेत, प्रत्येकीत बारा आहेत, जाताना एकेक घेऊन जा.